पुष्य नेमके केव्हा लागले? : पंचांगाच्या पाच अंगांची ओळख

दिनांक २४ ऑक्टोबर २०२४, गुरुवार. मुलचेरा येथील आमच्या चिकित्सालयात त्या दिवशी सुवर्णप्राशन ठेवले होते. धानाची कापणी तोंडावर आलेली असल्याने बांधीवर जाण्यापूर्वीच मुलांना आणावे असे आयांना सांगितले होते, आणि पावणेसहापासूनच त्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाच्या रकान्यात 'पुष्य' छापलेले होते, गुरुवार होता, म्हणजे गुरुपुष्य. यापलीकडे आम्ही काही पाहिले नव्हते. सूर्योदय होताच आम्ही प्राशनास आरंभ केला. पाच बालकांचे झाले आणि सहाव्याच्या कार्डावर तारीख घालीत असता, नातवाला घेऊन आलेल्या एका वृद्ध बंगाली गृहस्थांनी आपली पंजिका पुढे केली व संकोचाने विचारले, "डॉक्टरबाबू, पुष्या लागायला अजून पाच मिनिटे आहेत ना?"

त्यांचे म्हणणे खरे होते. घड्याळात ६ वाजून १० मिनिटे झाली होती आणि पुष्य लागणार होते सुमारे ६ वाजून १५ मिनिटांनी. ज्या पाच कार्डांवर आम्ही 'पुष्य नक्षत्र' असे लिहून सही केली होती, त्या पाचही बालकांना औषध पुनर्वसू नक्षत्रावर दिले गेले होते. त्यात औषधाचे काही बिघडले नाही, बालकांचेही नाही. परंतु कार्डावर आम्ही जे लिहिले ते असत्य होते. ही चूक दिनदर्शिकेची नव्हती, आमच्या वाचनाची होती. पदवी घेऊन वीस वर्षे उलटल्यावर आम्ही पंचांगाची पाच अंगे प्रथमपासून समजून घेतली ती त्यानंतर. आमच्यासारखेच 'तारीख पाहून' पुष्य धरणारे वैद्य आणि वेष्टनावर 'पुष्ययोगावर सिद्ध' असे छापणारे औषधविक्रेते पुष्कळ असावेत, म्हणून ते सर्व येथे त्याच एका सकाळीच्या आधारे मांडीत आहोत.

पंचांग म्हणजे पाच अंगे : तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. ही नावे आपण सर्वांनी पाठ केलेली असतात. मात्र पाचांपैकी चार अंगे केवळ दोन आकड्यांतून निघतात, हे फारसे कोणी सांगत नाही. पहिला आकडा म्हणजे आकाशाच्या ३६० अंशांच्या वर्तुळात सूर्य कोठे आहे, आणि दुसरा म्हणजे चंद्र कोठे आहे. त्या गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता सूर्य सुमारे १८७ अंशांवर होता व चंद्र ९३ अंश २० कलांवर. एवढ्यावरून पुढचे सारे काढता येते.

प्रथम नक्षत्र घेऊ, कारण त्यास केवळ चंद्र पुरतो. वर्तुळाचे २७ समान भाग केले असता प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो. चंद्र ज्या भागात असेल ते त्या वेळचे नक्षत्र. ९३ अंश २० कला म्हणजे असे बरोबर सात भाग. अश्विनीपासून मोजल्यास सातवे पुनर्वसू तेथे संपते आणि आठवे पुष्य लागते. पुष्य 'लागले' याचा अर्थ एवढाच की चंद्राने ती रेषा ओलांडली. हा क्षण चंद्राचा आहे, आपल्या गावाचा नाही. म्हणून मुंबईत, नागपुरात वा मुलचेऱ्यात, भारतीय प्रमाणवेळेच्या घड्याळात तो एकच असतो.

तिथीसाठी चंद्रातून सूर्य वजा करावा. अमावास्येस दोघे एकत्र असतात. तेथून चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. आपल्या उदाहरणात ९३ मधून १८७ वजा जात नाहीत, म्हणून ३६० मिळवावेत. उत्तर सुमारे २६६ येते. त्यास १२ ने भागिल्यास बावीस तिथी पूर्ण होऊन तेविसावी चालू असल्याचे कळते. शुक्ल पक्षाच्या पंधरा वजा केल्या की उरते कृष्ण अष्टमी. मास आश्विन, मात्र तेच आजोबा उत्तर भारतीय पंचांग घेऊन आले असते तर तेथे त्यांना कार्तिक दिसला असता, कारण तिकडे मास पौर्णिमेस संपतो. तिथी दोहोंकडे एकच.

करण म्हणजे तिथीचा अर्धा भाग, अर्थात सहा अंश. २६६ ला ६ ने भागिल्यास पंचेचाळिसावे करण चालू आहे असे निघते. करणांची नावे अकरा आहेत. शुक्ल प्रतिपदेच्या पूर्वार्धाचे किंस्तुघ्न झाले की बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज, विष्टी ही सात ओळीने आठ वेळा फिरतात, आणि महिन्याच्या अखेरीस शकुनी, चतुष्पाद व नाग ही तीन एकेकदा येतात. पंचेचाळिसातून किंस्तुघ्नाचे एक वगळले की चव्वेचाळीस. सातांच्या सहा फेऱ्या होऊन दोन उरतात. फेरीतील दुसरे ते बालव. यांतील विष्टी म्हणजेच आपल्या रुग्णांच्या तोंडची 'भद्रा'. शस्त्रकर्माची तारीख ठरविताना नातेवाईक 'भद्रा नको' म्हणतात, तेव्हा ते सुमारे दहा ते साडेतेरा तासांच्या एका अर्ध्या तिथीविषयी बोलत असतात, संपूर्ण दिवसाविषयी नव्हे. ही गोष्ट समजावून सांगितल्यास पुष्कळदा त्याच दिवशीची दुपारची वेळ मिळून जाते.

योगासाठी वजाबाकीऐवजी बेरीज करावी लागते. १८७ अधिक ९३ म्हणजे २८० अंशांहून किंचित अधिक. त्यास १३ अंश २० कलांनी भागिल्यास एकवीस योग पूर्ण होऊन बाविसावा साध्य योग चालू. विष्कंभ ते वैधृती असे हे सत्तावीस. 'गुरुपुष्य योग' किंवा 'अमृतसिद्धी योग' यांतील योग शब्द निराळा आहे. तो वार आणि नक्षत्र यांच्या भेटीचा वाचक आहे. चौथ्या अंगाच्या रकान्यात 'गुरुपुष्य' शोधणारे औषधविक्रेते आम्ही पाहिले आहेत आणि तो तेथे कधीही सापडणार नाही. आणखी एक गोष्ट आम्हांस लक्षणीय वाटते. चरकाचार्यांनी संशोधनापूर्वीच्या तयारीत, आणि सुश्रुताचार्यांनी शिष्योपनयन व शस्त्रकर्म यांच्या आरंभी, प्रशस्त काळ सांगताना तिथी, करण, नक्षत्र व मुहूर्त यांचा उल्लेख केला आहे. सत्तावीस योगांची यादी त्यांच्या त्या वचनांत नाही. वैद्यकीय कर्मासाठी पाच अंगांपैकी योगाकडे आम्ही फारसे पाहत नाही, ते याचसाठी.

आता उरला वार. तो दिसतो सर्वांत सोपा, आणि घोटाळा सर्वाधिक तोच करतो. सरकारी तारीख मध्यरात्री बदलते. पंचांगाचा वार सूर्योदयास बदलतो. शुक्रवारी पहाटे चार वाजता पंचांगाच्या दृष्टीने गुरुवारच चालू असतो. आणि सूर्योदय हा चंद्राच्या रेषेसारखा सर्वत्र एकाच क्षणी होत नाही. पृथ्वीस एक रेखांश फिरण्यास चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे ७३ व्या पूर्व रेखांशाजवळ आहे आणि मुलचेरा सुमारे ८० व्या. सात अंशांचे अंतर म्हणजे अठ्ठावीस मिनिटे. त्या गुरुवारी मुलचेऱ्यात सूर्य ६ वाजून ८ मिनिटांनी उगवला, मुंबईत सुमारे ६ वाजून ३६ मिनिटांनी. मुंबईपासून सर्वाधिक दूर असलेल्या आपल्या या वनप्रदेशात हे अंतर महाराष्ट्रातील इतर कोणाहीपेक्षा अधिक जाणवते.

आमची चूक कशी झाली, हे आता उलगडते. दिनदर्शिकेत दिवसाच्या रकान्यात जी तिथी व जे नक्षत्र छापतात ते त्या दिवशी सूर्योदयास चालू असलेले असते. सव्वासहा वाजता लागलेले पुष्य मुंबईच्या ६.३६ च्या सूर्योदयास चालू होते; म्हणून मुंबईच्या गणिताने त्या दिवसाचे नक्षत्र पुष्य, आणि तेही अगदी शुद्ध. मुलचेऱ्याच्या ६.०८ च्या सूर्योदयास मात्र पुनर्वसूची शेवटची सात मिनिटे शिल्लक होती. त्याच सात मिनिटांत आम्ही पाच बालकांना प्राशन दिले.

यापुढची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. त्या वेळी चंद्राची गती मंद असल्याने पुष्य २५ तासांहून अधिक काळ चालले व शुक्रवारी सकाळी सुमारे ७ वाजून ४० मिनिटांनी संपले. मुंबईने पुष्याचे दोन सूर्योदय पाहिले, गुरुवारचा आणि शुक्रवारचा. अशा वेळी नक्षत्राची वृद्धी झाली असे म्हणतात. मुलचेऱ्याने एकच पाहिला, तो शुक्रवारचा. केवळ 'सूर्योदयाचे नक्षत्र' हा नियम धरून बसल्यास आमच्या गावी त्या महिन्यात गुरुपुष्य झालेच नाही असे म्हणावे लागेल! प्रत्यक्षात गुरुवारी सकाळी ६.१५ पासून शुक्रवारच्या सूर्योदयापर्यंत वार गुरुवार आणि नक्षत्र पुष्य दोन्ही एकत्र होते, म्हणजे जवळजवळ चोवीस तास. शुक्रवारी सूर्योदयापासून ७.४० पर्यंत पुष्य होते, परंतु गुरुपुष्य नव्हते.

यावरून आमचे मत असे झाले आहे की औषधी कर्मासाठी सूर्योदयाचे नक्षत्र न पाहता कर्माच्या वेळी चालू असलेले नक्षत्र पाहावे. व्रते आणि सण यांना त्यांचे स्वतंत्र निर्णय आहेत, त्यात आम्ही पडत नाही. परंतु पुष्यावर द्रव्य उपटावयाचे किंवा बालकाच्या मुखात थेंब घालावयाचा, तर त्या क्षणी चंद्र पुष्यात असला पाहिजे. सकाळी होता किंवा सायंकाळी येणार आहे याला अर्थ नाही.

तिथीचेही असेच आहे. तिथीची लांबी साधारण वीस ते सत्तावीस तास बदलते. लांब तिथी दोन सूर्योदयांना गाठते, तेव्हा ती वृद्धी. आखूड तिथी एका सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयापूर्वी संपते, तेव्हा ती क्षय. क्षय झालेली तिथी दिनदर्शिकेच्या रकान्यात दिसत नाही म्हणून ती 'नव्हतीच' असे समजू नये. ती दिवसभर चालू असते, केवळ कोणत्याही सूर्योदयास हजर नसते.

वाचनातील दोन खाचा येथे सांगणे आवश्यक आहे. पहिली रात्रीच्या वेळेची. त्या गुरुवारची अष्टमी संपली ती उत्तररात्री १ वाजून ५८ मिनिटांनी. पंचांगात हे गुरुवारच्याच ओळीत 'उ. रा. १.५८' असे किंवा काही ठिकाणी '२५.५८' असे येते. घड्याळाच्या हिशेबाने ती शुक्रवारची पहाट आहे. ओळीत गुरुवार दिसतो म्हणून गुरुवारी पहाटेच अष्टमी संपली असे धरले की संपूर्ण एक दिवसाची चूक होते. पंचविसाचा आकडा दिसल्यास त्यातून चोवीस वजा करावेत आणि तारीख एकने वाढवावी.

दुसरी खाच घटी-पळांची. जुन्या वैद्यांच्या घरी असलेल्या पंचांगांत समाप्तीकाळ घड्याळात न देता सूर्योदयापासूनच्या घटींत दिलेला असतो. एक घटी म्हणजे २४ मिनिटे. त्या दिवशी बालव करण दुपारी सुमारे १ वाजून ३८ मिनिटांनी संपले. मुंबईच्या सूर्योदयापासून मोजल्यास हे सात तास, म्हणजे सुमारे साडेसतरा घटी होतात. मुलचेऱ्यातील वैद्याने त्या साडेसतरा घटी आपल्या ६.०८ मध्ये मिळविल्या तर उत्तर १ वाजून ८ मिनिटे येईल, आणि ते अर्ध्या तासाने चुकलेले असेल. घटी ज्या गावच्या सूर्योदयापासून मोजल्या आहेत त्याच गावच्या सूर्योदयात त्या मिळवाव्या लागतात. ते गाव पंचांगाच्या आरंभीच्या पानांवर अक्षांश-रेखांशांसह छापलेले असते. आपण ती पाने सहसा उलटून पुढे जातो.

आता एक प्रश्न उरतो. दोन पंचांगांत पुष्य लागण्याची वेळच वेगळी दिसली तर? काही मिनिटांचा फरक असेल तर तो गणिताच्या सूक्ष्मतेचा आहे, सोडून द्यावा. पण फरक तासांचा असेल तर पाया वेगळा आहे असे समजावे. वर्तुळाचा शून्य अंश कोठे धरावा याविषयी ज्योतिषींत मतभेद आहे. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात चित्रा ताऱ्यावर आधारलेला आरंभ स्वीकारला. शासनाचे राष्ट्रीय पंचांग आणि आज प्रचलित असलेली बहुतेक मराठी पंचांगे त्यास धरून आहेत. या लेखातील अंश व वेळा त्याच मताच्या आहेत. टिळक पंचांग रेवती ताऱ्यापासून आरंभ मानते, आणि दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर आहे. चंद्राला चार अंश चालण्यास सात-साडेसात तास लागतात, म्हणून टिळक पंचांगात पुष्य तेवढे आधी लागते. त्या पक्षाच्या वैद्यास आमची पाच बालकेही पुष्यावरचीच वाटतील!

येथे मघाच्या दोन आकड्यांचा उपयोग पुन्हा होतो. शून्य सरकला की सूर्य व चंद्र दोघेही सारखेच सरकतात. त्यांची वजाबाकी बदलत नाही. म्हणून तिथी आणि करण या दोन्ही पंचांगांत एकच राहतात. नक्षत्र व योग मात्र बदलतात. दोन पंचांगांत नक्षत्र वेगळे पण तिथी जुळते असे दिसल्यास भेद आरंभबिंदूचा आहे हे निःशंक समजावे. तिथीतही काही तासांचा फरक असेल तर एक पंचांग प्राचीन सूर्यसिद्धान्ताच्या गणितावर चालणारे आहे. बंगाली कुटुंबांतील काही पंजिका अशा असतात. आमच्या तालुक्यात बंगाली वस्त्या बऱ्याच आहेत, तेलंगणाही दूर नाही, म्हणून एकाच ओसरीवर तीन भाषांची पंचांगे येतात. त्यांतील कोणते खरे या वादात न पडता आम्ही एक पंचांग निश्चित केले आहे आणि त्याचे नाव कार्डावर छापले आहे.

औषधनिर्मात्यांसाठी एक गोष्ट. चरकसंहितेतील पुष्यानुग चूर्णाची द्रव्ये पुष्यावर घ्यावीत असे ग्रंथातच आहे, आणि कल्पाचे नावही त्यावरूनच पडले आहे. सुवर्णप्राशनाचे तसे नाही. काश्यपसंहितेच्या लेहाध्यायात सुवर्ण धुतलेल्या शिळेवर पाण्यासह उगाळून मध व तुपाबरोबर द्यावे असे सांगितले आहे. पुष्याची अट त्या वचनात नाही, ती प्रथा नंतरची आहे. म्हणून पुष्य चुकले तर 'मात्रा फुकट गेली' असे कोणत्याही आईस सांगू नये, आणि ज्वराने तापलेल्या बालकाचे औषध तर नक्षत्रासाठी क्षणभरही थांबवू नये. मात्र वेष्टनावर 'पुष्यावर संगृहीत' असे छापावयाचे असेल तर संग्रहाच्या नोंदवहीत तारीख पुरेशी नाही. स्थळ आणि घड्याळातील वेळ दोन्ही हवीत. द्रव्य आलापल्लीच्या जंगलात उपटले असेल आणि कारखाना पुण्यात असेल, तरी पुष्य लागल्याचा व सुटल्याचा क्षण एकच आहे. वाराचा आरंभ मात्र आलापल्लीच्या सूर्योदयाने धरावयाचा, पुण्याच्या नव्हे.

त्या सकाळी आम्ही सहाव्या बालकास थांबविले. घड्याळात सव्वासहा होऊन आणखी पाच मिनिटे जाऊ दिली, कारण गणितातील दोन-चार मिनिटांचा फरक पोटात घालावा असे वाटले, आणि मग पुढील प्राशन सुरू केले. आधीच्या पाचांपैकी दोघांच्या आया ओसरीवरच होत्या. त्यांना सर्व सांगून कार्डावरील 'पुष्य' खोडले, 'पुनर्वसू, ६.१० पूर्वी' असे लिहिले व सही केली. मात्रा पुन्हा दिली नाही. उरलेल्या तिघी बांधीवर निघून गेल्या होत्या. त्यांची कार्डे पुढील महिन्याच्या पुष्यास दुरुस्त झाली. तेव्हापासून आमच्या फलकावर नुसते 'पुष्य' लिहिले जात नाही. 'पुष्य अमुक वाजल्यापासून अमुक वाजेपर्यंत' असे असते, आणि त्याखाली मुलचेऱ्याचा सूर्योदय. फलक लिहून झाला की आम्ही तो प्रथम त्या पंजिकावाल्या आजोबांना दाखवितो.